निरोपाचा मेल

खान्देशात तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. जळगावच्या फुले मार्केटातल्या दुकानदाराला माल नको असेल, तर तो आधी चहा सांगतो, घरचं विचारतो आणि उठताना म्हणतो, “आखाजी होऊ द्या, मग पाहू.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. त्याचा चेहरा समोर असतो, नमुना त्याने हातात घेतला की नुसता बाजूला सरकवला हे दिसतं, शेजारच्या दुकानात कोणाचा माल लागलाय तेही कळतं. मेलवर यातलं काहीच नसतं. तिथे माणूस नुसता गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ ‘नको’ आहे, ‘आत्ता नको’ आहे, की मेल वाचलाच गेला नाही, हे जळगावात बसून कळायला काही मार्ग नसतो.

मी इथल्या एमआयडीसीतल्या दोन-तीन कारखान्यांचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळते. त्यातला एक चटयांचा आहे. प्लॅस्टिकच्या चटया हा जळगावचा मोठा धंदा. पॉलिप्रॉपिलीनच्या नळीसारख्या पोकळ धाग्यांची वीण, काठाला पट्टी, घडी घातली की पिशवीत मावणारी. आपल्याकडे लग्नात, शाळेत, ओट्यावर अंथरतात तीच चटई युरोपात बाल्कनीत आणि बागेत अंथरायला जाते. नक्षी वेगळी असते, आणि धाग्यात ऊन सोसणारं रसायन मिसळलेलं असतं, एवढाच फरक.

परदेशी गिऱ्हाईक धरायचं तर एका मेलने भागत नाही. पहिला मेल दरांचा. चार-पाच दिवसांनी दुसरा, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, असं अंतर वाढवत चार-पाच मेलची एक माळ लावतात. विक्रीवाले याला सिक्वेन्स म्हणतात. या माळेचा शेवटचा मणी म्हणजे ज्याला ते ब्रेकअप ईमेल म्हणतात तो. त्यात सांगायचं असतं की मी यापुढे लिहिणार नाही. मी त्याला निरोपाचा मेल म्हणते, आणि सगळ्या माळेत हाच मेल मी सर्वांत जास्त वेळ देऊन लिहिते. गंमत अशी की आधीच्या चारही मेलना ज्याने हूं की चूं केलं नाही, तो माणूस कधीकधी या मेलला उत्तर देतो. नेहमी नाही. बहुतेक जण तेव्हाही गप्पच राहतात. पण जी उत्तरं येतात ती नीट वाचली, तर मागची शांतता कशाची होती ते बऱ्याचदा उलगडतं.

एकच उदाहरण सविस्तर सांगते. रॉटरडॅमजवळचा एक आयातदार. जानेवारीत जर्मनीत हॅनोव्हरला गालिचे आणि जमिनीवरच्या अंथरणांचं डोमोटेक्स नावाचं प्रदर्शन होतं, तिथे तो आमच्या स्टॉलवर आला होता. १२० बाय १८० सेंटिमीटरच्या चटया त्याने उलट्या करून पाहिल्या, काठाची शिवण नखाने ओढून बघितली, दर मागितले आणि कार्ड देऊन गेला. म्हणजे हा माणूस आम्ही कुठल्या यादीतून उचललेला नव्हता, दर त्याने स्वतः मागितले होते. कोऱ्या ओळखीवर लिहिलेल्या मेलपेक्षा इथे माझा हक्क थोडा जास्त होता, आणि तेवढीच जबाबदारीही.

दर गेले. दोन नमुने कुरियरने गेले, पोहोचल्याची पावती आली. मग वीण, वजन आणि उन्हाच्या चाचणीची माहिती असलेला मेल गेला. नंतर कंटेनरमध्ये किती नग बसतात त्याचा. मग एक सरळ प्रश्न विचारणारा छोटा मेल, की नमुन्यातली कोणती नक्षी तुमच्याकडे चालेल? एकाचंही उत्तर नाही. ज्या सॉफ्टवेअरमधून मेल जातात, ते मात्र सांगत होतं की मेल उघडले गेले, काही तर परत परत.

या ‘उघडले गेले’वर मी विसंबत नाही. मेलमध्ये एक न दिसणारं इवलंसं चित्र असतं, ते उतरवलं गेलं की सॉफ्टवेअर समजतं मेल उघडला. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपने ही चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवायला सुरुवात केली, मग माणसाने मेल पाहिलेला असो वा नसो. कंपन्यांमध्ये व्हायरस तपासणाऱ्या यंत्रणाही असंच करतात. त्यामुळे ‘तुम्ही माझा मेल पाच वेळा वाचलात असं दिसतंय’ हे वाक्य बऱ्याचदा खोटं असतं. आणि खरं असलं तरी ते लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावून ते त्यालाच सांगण्यासारखं आहे. निरोपाच्या मेलमध्ये तर ते कधीच नको.

शेठना मी म्हटलं, आता शेवटचा लिहिते. शेठ मूळचे यावलकडचे. ते म्हणाले, “मंग लिहून टाक ना, का बा, आमचं काय चुकलं? माणसाले थोडं लागलं पाहिजे.”

“लागलं तर तो उत्तर देणार नाही, शेठ. फार तर आपला पत्ता स्पॅममध्ये टाकेल.”

“मंग नुसतं सोडून दे त्याले, भो. जो बोलतच नही त्याच्या दाराशी कायले उभं राहाचं?”

शेठची दोन्ही वाक्यं मला महत्त्वाची वाटतात, कारण बहुतेक लोक या दोहोंपैकी एक करतात. एक तर रुसून लिहितात, नाही तर काहीच न सांगता लिहिणं बंद करतात. दुसरं वरवर सभ्य दिसतं. पण त्यात समोरच्याला कळत नाही की आपण थांबलो आहोत की पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहोत. त्याच्या इनबॉक्सात ते प्रकरण अर्धवट लोंबत राहतं, आणि उत्तर द्यायचं राहिलं याची त्याला आलेली टोचणी तशीच राहते. दिवस जातात तशी ती टोचणी वाढते, आणि ती वाढली की उत्तर देणं आणखी अवघड होतं. आता लिहायचं तर आधी उशिराबद्दल चार वाक्यं लिहावी लागणार, म्हणून माणूस ते टाळतो. निरोपाचा मेल या माणसाला मोकळा करतो. माझ्या अनुभवात उत्तर येण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे. समोरचा घाबरून किंवा संधी हुकेल म्हणून लिहीत नाही. एका ओळीत सुटका होते असं दिसल्यावर लिहितो.

रुसलेल्या मेलची वाक्यं ठरलेली असतात. ‘तुम्हाला या प्रस्तावात रस नसावा असं मी समजते.’ यात त्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकलं. रस असलेल्यालाही आता ते खोडावं लागणार. ‘आमचं काही चुकलं असेल तर माफ करा.’ यात त्याच्या गळ्यात अपराध अडकवला. ‘मी तुमची फाइल बंद करत आहे.’ कसली फाइल? त्याने कधी ती उघडलीच नव्हती. इंग्रजीत एक फार फिरलेला नमुना आहे, ज्यात वाचणाऱ्याला आकडा कळवायला सांगतात. एक म्हणजे वेळ नाही, दोन म्हणजे नको, तीन म्हणजे मगरीने खाल्लं, मदत पाठवा. पहिल्यांदा कोणीतरी हसलं असेल. आता खरेदी विभागातल्या माणसाला तो वर्षातून कितीदा येत असेल कोण जाणे, आणि विनोद शिळा झाला की त्यामागे यंत्र आहे हे लगेच दिसतं.

आम्ही पाठवलेला मेल इंग्रजीत होता. मराठीत तो साधारण असा:

नमस्कार,

जानेवारीत हॅनोव्हरला तुम्ही १२० बाय १८० सेंटिमीटरच्या बाहेर अंथरायच्या चटयांचे दर मागितले होते. दर आणि दोन नमुने तुमच्याकडे पोहोचले आहेत. या विषयावर हा माझा शेवटचा मेल आहे.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये माल तुमच्या गोदामात हवा असेल, तर रंग आणि नक्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठरलेली लागेल. विणायला ४५ दिवस, आणि सध्याच्या मार्गाने समुद्रात सुमारे सहा आठवडे धरावे लागतात. दर कच्च्या मालाप्रमाणे बदलतील, मापं आणि वजनं खालच्या पत्रकात आहेत तीच राहतील.

हा माल तुमच्या कामाचा नसेल, तर ‘नको’ एवढं लिहिलंत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. काहीच लिहिलं नाहीत तरी हरकत नाही, मी पुन्हा लिहिणार नाही.

स्टॉलवर तुम्ही काठाची शिवण बारकाईने पाहिली होती. तसं पाहणारं गिऱ्हाईक आम्हाला आवडतं. धन्यवाद.

एवढाच. पडद्यावर खाली सरकवावं न लागता वाचून व्हावा इतका. यात एकही ‘शेवटची संधी’ नाही. तारीख आहे, पण ती आम्ही दाखवायला म्हणून ठोकलेली नाही. हिशोब उलट बाजूने करून काढलेली आहे. मार्चमध्ये माल गोदामात हवा, तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जहाज बंदराला लागलं पाहिजे. मग कस्टम आणि गाडीभाडं यात आठ-दहा दिवस जातात. २०२३च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास एक-दोन आठवड्यांनी लांबला, म्हणून समुद्राचे सहा आठवडे. म्हणजे न्हावाशेव्याहून जहाज डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या दिवसांत सुटायला हवं. त्याआधी जळगावहून ट्रक, बंदरातले दिवस. त्याआधी ४५ दिवस माग. असं मागे मागे येत आपण नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचतो. खरेदी करणाऱ्या माणसाला हा हिशोब उपयोगी पडतो, आमच्याकडून घेतलं नाही तरी पडतो. निरोपाच्या मेलमध्ये अशी एक तरी गोष्ट असावी, जी वाचून तो मेल ठेवून द्यावासा वाटेल. खोटी मुदत मात्र घातक. ‘हे दर शुक्रवारपर्यंतच’ लिहायचं आणि सोमवारी त्याने विचारल्यावर तेच दर द्यायचे, की पुढच्या प्रत्येक आकड्यावर तो घासाघीस करणार.

‘नको’ची सोय करून देणं शेठना पटलं नव्हतं. आपणच त्याच्या तोंडात नकार कशाला घालायचा, असं त्यांचं म्हणणं. बाजारपेठेत बसून विकणाऱ्याला ते बरोबर वाटणारच. पण मेलवर ‘नको’ हे उत्तर मला शांततेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. ‘नको’ आल्यावर ते नाव कामाच्या यादीतून जातं आणि तो वेळ दुसऱ्याला मिळतो. आणि नकार लिहायला घेतलेला माणूस बऱ्याचदा पुढे एक वाक्य स्वतःहून जोडतो: आत्ता नको, हे माझ्या विभागात येत नाही, आमचं बजेट ऑगस्टात ठरतं. हे पुढचं वाक्य तुम्ही प्रश्न विचारून मिळवू शकत नाही. त्याला ‘कारण सांगायची गरज नाही’ म्हटलं की तो कारण सांगतो.

आता पाठवण्याबद्दल. हा मेल मी त्याच धाग्यात, आधीच्या मेलला उत्तर म्हणून पाठवते, विषयाची ओळ न बदलता. विषय बदलला की जीमेल त्याचा वेगळा धागा करतं, आणि मग वाचणाऱ्यासमोर दरपत्रक नसतं, तो विचारात पडतो हे कोण. धाग्यातच राहिलं की ‘खालचं पत्रक’ खरोखर खाली असतं. काही जण नव्या मेलच्या विषयापुढे `Re:` लावून जुना संवाद असल्याचा भास करतात. ती फसवणूक आहे, उघड दिसते, आणि अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यात दिशाभूल करणाऱ्या विषयाच्या ओळीला थेट मनाई केलेली आहे.

वेळही बघते. उन्हाळ्यात जळगावात दुपारचे साडेबारा वाजले की रॉटरडॅमला सकाळचे नऊ असतात. ईस्टरच्या आठवड्यात किंवा ऑगस्टात हा मेल पाठवायचा नाही, माणूस सुट्टीवर असतो आणि आपला निरोप ढिगाऱ्यात जातो.

पण सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. माळेतले बाकीचे मेल सॉफ्टवेअर आपोआप पाठवतं, आणि उत्तर आलं की थांबतं. थांबतं म्हणजे काय, तर ज्या पत्त्यावर मेल गेला त्याच पत्त्यावरून उत्तर आलं तर थांबतं. साहेबाने मेल सहकाऱ्याकडे पाठवला आणि सहकाऱ्याने स्वतःच्या पत्त्यावरून, नव्या विषयाखाली विचारलं, तर सॉफ्टवेअरला पत्ताच लागत नाही. कोणी व्हॉट्सॲपवर शेठना सरळ विचारलं, तरी तेच. मग काल ज्याने नमुना मागितला त्याला आज सकाळी ‘मी यापुढे लिहिणार नाही’ असा मेल जातो. याच्या उलटही होतं: ‘मी रजेवर आहे’ हे आपोआप आलेलं उत्तर खरं उत्तर समजून माळ तिथेच तुटते आणि निरोप जातच नाही. म्हणून निरोपाचा मेल मी यंत्राकडे सोपवत नाही. माळेत त्या जागी फक्त एक काम लावलेलं असतं, ‘हाताने पाठव’. ते काम समोर आलं की मी त्या कंपनीचं डोमेन टाकून सगळा इनबॉक्स शोधते, शेठना विचारते याचा फोन-बिन आला होता का, आणि मगच लिहिते. नावं जास्त असली तर एवढं करणं होत नाही म्हणतात. मला वाटतं, एवढं करता येत नसेल तर नावंच जास्त झालीत.

रॉटरडॅमचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आखाजीची गडबड होती, कारखान्यातल्या निम्म्या बायका माहेरी गेलेल्या, माग अर्धे बंद. उत्तर चार ओळींचं होतं. त्याने लिहिलं की या हंगामाची खरेदी प्रदर्शनाआधीच झाली होती, तो पुढच्या वर्षासाठी बघत होता. नमुने त्याने गोदामाबाहेर ओल्यात ठेवून पाहिले, आणि काही आठवड्यांत काठाची पट्टी एका कोपऱ्याला सुटली. नवीन कारखान्याला हे कसं सांगावं म्हणून राहून गेलं. सप्टेंबरात लिहा.

म्हणजे दर आणि नक्षी दोन्ही ठीक होती, अडलं होतं शिवणीपाशी. आमचे मधले मेल वीण, वजन आणि कंटेनर यांवरच बोलत राहिले होते, आणि ज्या एका जागी त्याने नखाने ओढून पाहिलं होतं तिचा उल्लेख फक्त निरोपात होता. त्या उल्लेखाने त्याला सांगायला वाट मिळाली असणार, असं मला वाटतं. चटई प्लॅस्टिकची, ती पाण्याने कुजत नाही. पण तेव्हाचे नमुने देशी मालाच्या रिळावर शिवलेले होते, सुती दोऱ्याने. घरात तो दोरा वर्षानुवर्षं टिकतो. उघड्यावर, सततच्या ओलीत सूत कुजतं, आणि पट्टी धरून ठेवणारं काही उरत नाही. बाहेर वापरायच्या मालाला पॉलिएस्टर दोरा आणि काठाला दुहेरी शिवण लागते. शेठनी दुसऱ्याच दिवशी कोपरा उसवून पाहिला आणि म्हणाले, “बरोबर बोल्ला तो.”

अशा उत्तराला काय लिहायचं, इथे पुष्कळ लोक मिळालेलं घालवतात. माणूस बोलला रे बोलला की दरपत्रक, भेटीची वेळ, नवी नक्षी, सवलत, सगळं एकदम ओतलं जातं. ज्याने ‘मी आता लिहिणार नाही’ म्हटलं तो इतक्या उत्साहात परत आला, की निरोप ही नुसती युक्ती होती असं त्याला वाटणारच. मी तीन ओळी लिहिल्या. सांगितल्याबद्दल आभार. दोरा सुती होता, बाहेरच्या मालाला पॉलिएस्टर लावून दुहेरी शिवण करतो आहोत. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लिहीन. एवढ्यावर थांबले. त्याला आधीची माळ पुन्हा जोडली जाणार नाही, याची खूण सॉफ्टवेअरमध्ये केली.

आणि ज्यांचं उत्तर येत नाही, त्यांच्याबाबत दिलेला शब्द पाळायचा असतो. हे बोलायला सोपं आहे, कारखान्यात पाळायला कठीण. मी थांबते, पण शेठचा पुतण्या दिवाळीला सगळ्या पत्त्यांवर दिव्यांच्या चित्राचा मेल सोडतो. त्या यादीत ही नावंही असतात. ‘मी पुन्हा लिहिणार नाही’ वाचलेल्या माणसाला सहा महिन्यांनी त्याच कारखान्याकडून शुभेच्छा आणि खाली नव्या वर्षाचं दरपत्रक. पुढच्या वेळी आमच्या कुठल्या वाक्यावर तो विश्वास ठेवणार? म्हणून कारखान्यात एकच यादी ठेवली आहे, ‘यांना लिहायचं नाही’. तीत पत्ता, तारीख आणि का थांबलो ते असतं, आणि कोणालाही काहीही सामुदायिक पाठवायचं तर आधी त्यातून गाळून घ्यायचं. ज्याने स्वतः ‘लिहू नका’ म्हटलं, त्याच्या बाबतीत तर हा सौजन्याचा प्रश्नच उरत नाही. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात, कलम २१ प्रमाणे, जाहिरातीसाठी आपली माहिती वापरायला कोणी हरकत घेतली की थांबावंच लागतं. अमेरिकेत त्यासाठी कामकाजाचे दहा दिवस दिले आहेत.

मग पुन्हा कधीच नाही का? त्याने बोलावलं तर हो. किंवा खरंच काही बदललं आणि ते त्याच्या कामाचं असेल, पुरेसा काळ लोटला असेल, तर एक मेल, आधीच्या निरोपाची आठवण ठेवून. मात्र पंधरा दिवसांत ‘सहज विचारावं म्हटलं’ असं लिहिलं, की त्या माणसाकडे आपल्या शब्दाची पत गेली. निरोपाचा मेल एका माणसाला एकदाच चालतो.

काही ठिकाणी तो चालतच नाही. ज्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे अडकलं आहे, त्याला निरोप देणं उद्धटपणा. पैसे थकलेल्या गिऱ्हाइकाला ‘आता लिहिणार नाही’ म्हणणं म्हणजे उधारी सोडल्यासारखं, तिथे बिलाची तारीख आणि रक्कम लिहून स्पष्ट मागावं. जुना, नेहमी माल नेणारा गिऱ्हाईक दोन महिने गप्प असेल, तर फोन करावा, काहीतरी घडलेलं असतं. आणि आधीचे मेल पोकळ असतील, नुसते ‘माझा आधीचा मेल पाहिलात का’ असे, तर शेवटच्या मेलने काही उगवत नाही. माझ्या ओळखीतले काही जण थेट निरोपानेच सुरुवात करतात, दुसऱ्याच मेलला. दोनदा भेटलेल्या माणसाने कसला निरोप घ्यायचा?

हा मेल खरंच काम करतो की आणखी एक मेल गेला म्हणून उत्तर येतं, असा प्रश्न मला एका भाचीने विचारला होता, आणि तो अगदी रास्त आहे. पाचवा मेल कुठलाही असता तरी काही उत्तरं आली असती. नीट तपासायचं तर गप्प असलेल्यांतल्या निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, साधी आठवण पाठवावी आणि निम्म्यांना निरोप, मग दोन्हीकडची उत्तरं मोजावीत, नकारांसकट. पण आमच्यासारख्या कारखान्याकडे वर्षाला जेवढी नावं असतात, तेवढ्यावर निघालेला आकडा पुढच्या वर्षी उलटाही येऊ शकतो. म्हणून मी संख्येपेक्षा उत्तरांची जात बघते. साध्या आठवणीला ‘पाहून कळवतो’ येतं. निरोपाला येतं ते कारण, किंवा महिना, किंवा योग्य माणसाचा पत्ता. यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं.

सप्टेंबरात मी रॉटरडॅमला लिहिलं, त्याच धाग्यात. पहिली ओळ होती, ‘तुम्ही सप्टेंबरात लिहायला सांगितलं होतं.’ सोबत पॉलिएस्टर दोऱ्याने शिवलेल्या काठाचा जवळून काढलेला फोटो, कोपऱ्याचा. त्याने तीन रंगांचे नमुने मागवले, आणि ९० बाय १५० सेंटिमीटरचा दर विचारला, जो आम्ही कधी काढलाच नव्हता. त्या मापाला पन्हा किती वाया जातो, याचा हिशोब शेठ सध्या मागावरच्या कारागिरांसोबत बसून करताहेत.